उजाडण्याआधीची धाव

जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. वर्षातला सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरला येऊन गेलेला असतो, तरी सकाळ आणखी तीन आठवडे उशिरा उशिराच होत जाते. सूर्योदयाच्या आधी साधारण 25 मिनिटे पुरेसा संधिप्रकाश असतो. म्हणजे पावणेसातपर्यंत रस्त्यावर रात्रच असते. नेमक्या याच काळात शहरात धावणाऱ्यांची संख्या सर्वाधिक असते. हवा थंड असते आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा सराव अखेरच्या टप्प्यात आलेला असतो. ज्याला आठची लोकल गाठायची आहे, तो साडेपाचला घराबाहेर पडतो आणि घामाघूम होऊन परततो तेव्हाही उजाडलेले नसते. जूनच्या सुरुवातीला हाच माणूस त्याच वेळेला निघाला, तर सहाच्या सुमारास सूर्य वर येतो आणि निम्मी धाव उजेडात होते. नागपूरकरांना सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 25 मिनिटे आधी दिसतो, तरी डिसेंबर-जानेवारीत साडेपाचला तिथेही अंधारच असतो. घड्याळातली वेळ तीच राहते, पण धोका ऋतूप्रमाणे बदलतो. अनेक धावपटू हा फरक हिशेबात धरत नाहीत.

पहाटेचा रस्ता रिकामा असतो म्हणून तो सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. वाहने कमी असतात हे खरे, पण रिकाम्या रस्त्यावर उरलेली वाहने वेगात असतात. रात्रभर गाडी चालवलेला ट्रकचालक, विमानतळावर सोडायला निघालेली टॅक्सी, रात्रपाळी संपवून घरी परतणारा आणि शनिवारची रात्र संपवून रविवारी पहाटे परतणारा, असे सगळे याच वेळी रस्त्यावर असतात. पहाटेच्या या तासांत माणसाच्या शरीराची झोपेकडे ओढ सर्वाधिक असते. मार्च 2023 मध्ये एका रविवारी सकाळी, उजाडण्याच्या सुमारास, वरळी सी फेसवर धावणाऱ्या एका महिलेला मागून भरधाव आलेल्या मोटारीने उडवले आणि तिचा मृत्यू झाला. ती नवखी नव्हती, अनुभवी धावपटू होती. रस्ताही तिच्यासारख्या शेकडो लोकांचा रोजचाच होता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली आणि त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. धावणाऱ्यांची वेगळी नोंद होत नाही. त्यांची गणना याच आकड्यात होते.

या धोक्याचे मूळ समजून घ्यायचे तर आधी चालकाच्या जागी बसावे लागेल. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर गाडी 25 मीटर पुढे आलेली असते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत आणखी 20 मीटर लागतात. एकूण 45 मीटर. वेग 80 असेल तर हेच अंतर 70 मीटरच्या जवळ जाते आणि ओल्या रस्त्यावर त्याहून वाढते. आता गाडीचा दिवा ‘डिपर’वर असेल, तर त्याचा झोत खाली आणि जवळ पडतो. गडद कपड्यांतला माणूस त्या झोतात अनेकदा एवढ्या अंतरावरून दिसतच नाही. चालक सावध असला, शुद्धीत असला आणि त्याने मनापासून ब्रेक दाबला, तरी हे गणित जुळत नाही.

धावणाऱ्याला मात्र याची कल्पना नसते. त्याला गाडीचे दिवे अर्ध्या किलोमीटरवरून दिसतात आणि मन नकळत उलटा हिशेब करते : मला ती दिसते, अर्थी तिला मी दिसतो. आपण चालकाला किती अंतरावरून दिसतो याचा अंदाज पादचारी जवळजवळ नेहमीच फुगवून करतात, हे अनेक प्रयोगांत आढळले आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात बंदिस्त मार्गावर रात्री चालकांना गाडी चालवायला देऊन, रस्त्याकडेचा माणूस त्यांना केव्हा ओळखू येतो हे पाहिले गेले. काळे कपडे, डिपरचा झोत आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचा झगमगाट असताना शंभरात फक्त 5 वेळा माणूस ओळखला गेला. हाच माणूस सांध्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या लावून उभा केला आणि समोरचा झगमगाट काढला, तेव्हा तो शंभरात 100 वेळा ओळखला गेला.

इथे ‘सांध्यांवर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘रेडियम पट्टी’ म्हणतात, तिच्यात रेडियम नसते. बारीक काचमणी किंवा प्रिझम असतात आणि ते आलेला प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. चालकाचे डोळे त्याच्या दिव्यांच्या जवळ असल्याने पट्टी त्याला झळाळते, पण बाजूने चालणाऱ्या सोबत्याला ती साधी राखाडी दिसते. ही पट्टी छातीवर असली, तर चालकाला अंधारात एक चमकता तुकडा दिसतो. तो कचऱ्याचा डबा असू शकतो, बॅरिकेड असू शकतो किंवा उभ्या रिक्षाची मागची बाजू. हाच चमकता तुकडा घोट्यांवर, गुडघ्यांवर आणि मनगटांवर असेल, तर तो लयीत वरखाली हलतो आणि मेंदू क्षणात सांगतो की हा माणूस आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी 1973 मध्ये दाखवले होते, की अंधारात फक्त सांध्यांवर लावलेले ठिपके हलताना पाहिले तरी बघणाऱ्याला चालणारा माणूस ओळखू येतो. तेच ठिपके स्थिर केले, की त्यांचा काही अर्थ लागत नाही. त्यात डिपरचा झोत खाली पडत असल्याने तो दुरून आधी पायांवरच पोचतो. म्हणून महागड्या जाकिटाआधी घोट्यांचे दोन पट्टे घ्यावेत. त्यांचे काम जास्त आहे.

निऑन पिवळ्या किंवा पोपटी टी-शर्टबद्दलही एक गैरसमज आहे. हे रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांना दृश्य प्रकाशात बदलतात, म्हणून दिवसा आणि उजाडताना ते डोळ्यांत भरतात. साडेपाचच्या अंधारात अतिनील किरणे नसतात. तेव्हा निऑन शर्ट हा फक्त एक फिकट शर्ट उरतो. काळ्यापेक्षा तो बरा, पण पट्टीची जागा तो घेऊ शकत नाही. उलट सूर्योदयानंतर, गाड्यांचे दिवे बंद झाल्यावर पट्टीचे काम संपते आणि निऑनचे सुरू होते. पट्टी अजून कामाची आहे का, हे घरीच तपासता येते. खोलीत अंधार करावा, मोबाइलचा टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरावा आणि लांबून कपड्याकडे पाहावे. पट्टी लख्ख चमकली नाही, तर वारंवार धुण्याने किंवा घासण्याने ती निकामी झाली आहे. एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. पट्टी दुसऱ्याच्या दिव्यावर जगते. पुढचा दिवा बंद असलेली दुचाकी किंवा सायकल समोर आली, तर पट्टीचा उपयोग शून्य. त्यासाठी स्वतःचा दिवा लागतो. मागे लाल लुकलुकणारा आणि पुढे पांढरा. पुढचा दिवा कपाळाऐवजी कमरेवर किंवा छातीवर बांधला, तर खड्ड्याची आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची सावली लांब पडते आणि पाय मुरगळण्याआधी तो दिसतो.

एवढे सगळे केले तरी हे बचाव अशा चालकापुढे चालतात, जो समोर पाहतो आहे. डुलकी लागलेला किंवा नशेतला चालक चमकती पट्टी पाहून थांबत नाही. त्याच्यापासून वाचवते ती फक्त मधली वस्तू : उंच कठडा, भिंत, झाडांची रांग किंवा किमान उंचावरचा पदपथ. म्हणून रस्त्याची निवड आधी आणि कपडे नंतर. निवड करताना रहदारी किती आहे, यापेक्षा वाटेत किती ठिकाणी गाड्या आपल्याला आडव्या जातात, हे मोजावे. गल्लीची तोंडे, सोसायट्यांची फाटके, पेट्रोल पंप आणि बसथांबे मोजावेत. मरीन ड्राइव्हवर शेजारून रहदारी चालू असली, तरी समुद्राच्या बाजूच्या रुंद पदपथाला एकही गल्ली छेदत नाही. एखाद्या शांत उपनगरी रस्त्यावर गाड्या तुरळक असतात, पण दर पन्नास पावलांवर एक फाटक असते.

पदपथ नसेल आणि रस्त्यावरून धावावेच लागणार असेल, तर आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून धावणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून धावावे. मागून येणाऱ्या गाडीशी तुलना करता समोरून येणारी गाडी आपल्यापर्यंत लवकर पोचते, हे खरे. ताशी 60 ची गाडी आणि ताशी 10 किलोमीटरने धावणारा माणूस यांच्यातले 100 मीटर पाच सेकंदांत संपतात. पण त्या पाच सेकंदांत गाडी आपल्याला दिसते, ती कडेला झुकते आहे हे कळते आणि बाजूला उडी मारायला एक-दोन सेकंद पुरतात. मागून येणाऱ्या गाडीबाबत ही संधीच मिळत नाही. दुभाजकाला लागून मात्र कधीच धावू नये. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून आपल्याकडच्या गाड्यांचा डिपरचा झोत डाव्या कडेकडे थोडा जास्त लांब आणि उजवीकडे आखूड ठेवलेला असतो. दुभाजकाजवळचा माणूस त्या आखूड बाजूला येतो.

उजव्या कडेने धावण्याचेही दोन तोटे आहेत आणि ते आपल्या शहरांत रोज अनुभवाला येतात. पहिला तोटा गल्लीच्या तोंडाशी. गल्लीतून डावीकडे वळून मुख्य रस्त्याला लागणारा चालक उजवीकडे पाहत असतो, कारण गाड्या तिकडून येतात. उजव्या कडेने धावणारा माणूस त्याच्या डावीकडून येतो, जिथे तो बघतच नाही. अशा ठिकाणी वेग कमी करावा, चालकाशी नजरानजर झाल्याशिवाय गाडीच्या पुढून जाऊ नये आणि ती होत नसेल तर गाडीच्या मागून जावे. दुसरा तोटा उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकींचा. पुढचा यू-टर्न चुकवण्यासाठी त्या याच कडेने येतात, आणि धावणाऱ्याच्या पाठीमागून येतात. इलेक्ट्रिक स्कूटरचा तर आवाजही येत नाही. खड्डा चुकवायला रस्त्याच्या आतल्या बाजूला सरकण्याआधी खांद्यावरून मागे एक नजर टाकायलाच हवी आणि निदान एक कान मोकळा हवा. दोन्ही कानांत गाणी लावून रस्त्यावर धावणे म्हणजे पाठीमागचे जग बंद करून टाकणे आहे.

उजाडले की धोका संपला, असेही नाही. सूर्य क्षितिजालगत असताना पूर्वेकडे गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत थेट ऊन जाते, आणि पुढची काच धुळकट असेल तर त्याला समोर नुसता पांढरा पडदा दिसतो. हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आपली सावली. आपली लांब सावली समोरून येणाऱ्या गाडीकडे पडत असेल, तर त्या चालकाच्या डोळ्यांत सूर्य आहे आणि आपण त्याला जवळजवळ दिसत नाही. पूर्व-पश्चिम रस्त्यावर सूर्योदयानंतरचा अर्धा तास म्हणूनच टाळावा, किंवा पदपथ सोडू नये.

हे सगळे एका सकाळीत बसवायचे कसे, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. दादरला राहणारा एक नोकरदार आहे. त्याला जानेवारीत आठवड्यातले चार दिवस सहा किलोमीटर धावायचे आहेत आणि साडेसातला घरी पोचायचे आहे. त्याची आवडती वाट म्हणजे शिवाजी पार्कहून वीर सावरकर मार्गाने प्रभादेवीमार्गे वरळीच्या दिशेने जायचे आणि परतायचे. ही वाट सरळ आहे, पण गल्ल्या आणि फाटके भरपूर. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या परिसरात पहाटेपासून भाविक, टॅक्सी आणि थांबलेल्या गाड्यांची गर्दी. पावणेसहाला निघाला, तर सगळी धाव अंधारात आणि सगळी रस्त्यावर. दुसरा पर्याय शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगतचा पदपथ. एक फेरी सुमारे 1.17 किलोमीटरची, म्हणजे पाच फेऱ्यांत जवळपास सहा किलोमीटर. मैदानाच्या बाजूला गल्ल्या नाहीत, दिवे आहेत, चालणारी माणसे आहेत. कंटाळा येतो, हा एकच दोष.

मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे. तो सव्वासहाला निघतो. अंधाराची पहिली 30 ते 35 मिनिटे कट्ट्याभोवतीच्या फेऱ्यांत घालवतो, तेव्हा घोट्यांवर पट्टे आणि मागे लाल दिवा असतो. पावणेसातनंतर संधिप्रकाश पसरला, की शेवटचा दीड-दोन किलोमीटर तो रस्त्यावर उतरतो, तोही उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे उगवतीचे ऊन कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही. मार्चमध्ये हाच संधिप्रकाश जवळपास अर्धा तास आधी येतो, तेव्हा फेऱ्या कमी आणि रस्ता जास्त. रविवारी लांब पल्ला असेल, तर निघण्याची वेळ पुढे ढकलून सूर्योदयाच्या जवळ आणायची, कारण शनिवारच्या रात्रीची रहदारी रविवारच्या पहाटेपर्यंत पुरते. अंतर तेच, मेहनत तीच. उजेड पाहून धावेचे दोन तुकडे केले, एवढाच फरक.

महिला धावपटूंच्या बाबतीत हे गणित अधिक गुंतागुंतीचे होते. ज्या रस्त्यावर गाड्या नाहीत, तो अनेकदा निर्मनुष्यही असतो. एक धोका टाळावा तर दुसरा समोर येतो. अशा वेळी दूध केंद्र, वर्तमानपत्रांची वाटणी चालणारा नाका, चहाची टपरी, रुग्णालयाचे प्रवेशद्वार अशी पहाटे जागी असलेली ठिकाणे जोडून वाट ठरवणे उपयोगी पडते. धावेची नोंद ठेवणाऱ्या अॅपवर घराजवळचा भाग सर्वांना दिसत असेल, तर तो लपवावा आणि घरच्या एका माणसाला परतण्याची वेळ सांगून ठेवावी.

पण सगळा भार धावणाऱ्याच्या घोट्यांवर टाकून शहराला मोकळे होता येणार नाही. पदपथ असतानाही लोक रस्त्यावर का धावतात, याचे उत्तर पदपथावर चालून पाहिले की मिळते : उखडलेले ब्लॉक, मध्येच डीपी बॉक्स, उभ्या केलेल्या दुचाकी, दर फाटकाशी खाली-वर होणारी पातळी. मुंबईत किनारी रस्त्यालगत झालेला विहारपथ दाखवून देतो, की रहदारीपासून वेगळी सलग जागा मिळाली तर लोक ती वापरतात. मार्च 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट’ म्हणून काही रस्ते रविवारी सकाळी वाहनांसाठी बंद करून पाहिले, त्यालाही प्रतिसाद मिळाला. मात्र नोकरदाराची धाव रविवारपुरती नसते. प्रत्येक प्रभागात एक-दोन किलोमीटरची एखादी सलग, दिवे असलेली, फाटके नसलेली फेरी शोधून ती दुरुस्त ठेवणे, हे काम महापालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही. मद्यपी चालकांसाठीची नाकाबंदी मध्यरात्रीनंतर उठते, ती रविवारी सूर्योदयापर्यंत चालू ठेवणे पोलिसांनाही अशक्य नाही. रस्त्यावरचे दिवे विझवण्याची वेळ जूनची आणि जानेवारीची एकच असेल, तर तीही तपासायला हवी.

तोवर धावणाऱ्याच्या हातात तीन गोष्टी उरतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी गाडीपासून वेगळी असलेली वाट, मग उजेडाची वेळ, आणि शेवटी अंगावरची चमक. बहुतेक जण खरेदीची सुरुवात तिसऱ्या गोष्टीपासून करतात. पहिल्या दोन गोष्टींना मात्र पैसे पडत नाहीत. त्यासाठी दिनदर्शिकेतली सूर्योदयाची वेळ आणि आपल्या वाटेवरची फाटके, एवढेच मोजावे लागते.